हात बघ, मत विचारू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप तू रुग्णांना दाखवलंस, सगळ्यांनी ‘छान आहे’ म्हटलं आणि पंधरवड्यात ते कुणी उघडेनासं झालं. आता एकजण सांगतो, आठवणीचे आवाज वाढव. दुसरा सांगतो, रुग्णांना शिकवायला शिबिर घे. यातलं काय करू, असं तू विचारतोस.

दोन्ही करू नकोस. त्या दोघांनी रुग्णांचं म्हणणं ऐकलं आहे, तूही ऐकलं आहेस, पण रुग्णांचे हात तुमच्यापैकी कुणीच बघितलेले नाहीत. ‘छान आहे’ हे उत्तर त्यांनी तुझ्या अ‍ॅपला दिलेलं नाही, तुला दिलेलं आहे. समोर बसलेल्या, खपून काहीतरी करून आणलेल्या मुलाला माणूस दुसरं काय म्हणणार? हा माझा नुसता तर्क नाही. निकोला डेल, विल्यम थीज आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी हे बंगळुरात तपासलं आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. अगदी सारख्या दोन गोष्टी लोकांपुढे ठेवल्या आणि त्यातली एक प्रश्न विचारणाऱ्याने बनवली आहे असं भासवलं, तर लोक ती पसंत करण्याची शक्यता सुमारे अडीचपट होती. विचारणारा परदेशी असून दुभाष्यामार्फत बोलत असेल, तर पाचपट. आता तुझ्या वहीतल्या ‘आवडलं’च्या पानांकडे परत बघ.

मी आरोग्यसेविकांची पर्यवेक्षिका होते तेव्हाची एकीची गोष्ट तुला सांगते. तुझंच अ‍ॅप तिने तुझ्या आधी बनवायला घेतलं होतं आणि ते तिने कसं सोडलं, हे तुला कळायला हवं.

तिच्याकडे गावातल्या रक्तदाबाच्या रुग्णांची यादी होती. ती घरोघर जाऊन माप घ्यायची, उपकेंद्रातून महिन्याच्या गोळ्या द्यायची आणि रजिस्टरात लिहायची. पुढच्या खेपेला माप चढलेलं दिसलं की विचारायची, “गोळ्या घेतल्या ना?” उत्तर ठरलेलं, “हो, कधी कधी विसरते.” हे ‘विसरते’ इतक्यांदा तिच्या कानावर पडलं होतं की विसरणं हाच रोग आहे अशी तिची खात्री झाली. मग कल्पना आपोआप सुचली. फोन रोज ठरलेल्या वेळी वाजेल, रुग्ण ‘घेतली’ किंवा ‘नाही घेतली’ दाबेल, मापाचा आकडा भरेल, हिरवा-पिवळा-लाल रंग दिसेल आणि महिनाअखेर आलेख तयार होईल. तिच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने अ‍ॅपचे चार पडदे काढून एकमेकांना जोडून दिले. आत काही चालत नव्हतं, नुसती चित्रं होती, पण दाबलं की पुढचं पान यायचं. नमुना म्हणून तेवढं पुरे असतं. तू संपूर्ण अ‍ॅप लिहून मग लोकांकडे गेलास, हे मला पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. लिहून झालेलं मोडवत नाही रे, म्हणून माणूस ते मोडावं लागेल असं काही बघतच नाही.

तिने चाचणी कशी घेतली ते नीट वाच, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

पहिल्या दिवशी ती स्वतः रुग्णासमोर बसली. रुग्ण प्रत्येक वेळी बोट टेकवण्याआधी पडद्याकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. भुवई जराशी हलली तरी बोट दुसरीकडे वळायचं. अशा चाचणीत अ‍ॅप तपासलं जात नाही, रुग्णाला तिचा चेहरा किती वाचता येतो ते तपासलं जातं. म्हणून दुसऱ्या गावच्या सेविकेला बोलावलं. बोलायचं काम तिचं. आपली सेविका बाजूला आणि थोडी मागे बसून लिहिणार. मी कोपऱ्यात.

रुग्णांना दोन गोष्टी बरोबर आणायला सांगितल्या होत्या. घरात ते खरोखर वापरतात तो फोन आणि गोळ्यांची पिशवी, आहे तशी. ही पिशवी आणायला सांगण्याची बुद्धी तिची, माझी नव्हे. तू मात्र आपला फोन पुढे केलास, आणि रुग्णाच्या गोळ्या राहिल्या त्याच्या घरी. मग खरं काय ते तुझ्यासमोर येणार कसं?

काम सांगतानाही बटणाचं नाव घ्यायचं नाही. ‘घेतली हे बटण दाबा’ असं सांगितलं की माणूस दाबतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. दुसऱ्या सेविकेने एवढंच सांगायचं होतं, “समजा उद्या सकाळ झाली आणि हा असा वाजला. रोज तुम्ही जे कराल तेच आता करा.” त्यानंतर गप्प. रुग्ण अडला तर मनात दहापर्यंत मोजायचं, मगच “काय शोधताय?” एवढं विचारायचं. हे गप्प बसणं फार अवघड जातं. आपला सगळा जन्म लोकांना समजावण्यात गेलेला असतो आणि समोरचा अडखळला की जीभ शिवशिवते. तिची शिवशिवत होती, मला दिसत होतं. लिहायचं तेही हाताचं. बोट कुठे थांबलं, फोन कुणाच्या हातात गेला, पिशवी कधी उघडली. रुग्णाचं मत विचारायचं नाही. मी तिला पुन्हा पुन्हा तेच सांगत होते आणि तुलाही तेच सांगणार आहे. हात बघ.

पहिले आजोबा. फोन नातवाचा होता. वाजल्याबरोबर त्यांनी तो न बघताच नातवाकडे दिला. नातवाने सगळ्यात मोठं बटण दाबलं. ते होतं ‘घेतली’. आवाज थांबला, फोन खिशात गेला. पिशवी उघडलीच नव्हती. पडद्यावर मात्र आजची गोळी घेतल्याची खूण झाली.

तिने लगेच लिहिलं, ‘बटण लहान करावे’. मी तिला तिथेच थांबवलं. आवाज बंद व्हावा म्हणून दाबलेल्या बटणाला माणसाने दिलेली माहिती म्हणायचं का? आणि अशी नोंद नसलेली परवडते, कारण पुढे काय होतं ते बघ. महिन्याने माप घेतलं तर १६० च्या वर. नोंदीत गोळ्या सगळ्या घेतलेल्या. डॉक्टर काय समजणार? औषध लागू पडत नाही. ते मात्रा वाढवणार किंवा दुसरी गोळी जोडणार. आणि एखाद दिवशी घरातलं कुणी बसून सगळ्या गोळ्या नियमाने द्यायला लागलं, तर तीच वाढवलेली मात्रा अंगावर येऊन आजोबा उठताना चक्कर येऊन पडणार. तू तुझ्या अ‍ॅपमधल्या ‘घेतल्या’च्या नोंदी अभिमानाने पाठवल्या आहेस. त्यातल्या किती गोळीच्या आणि किती आवाज बंद करण्याच्या, हे तुला सांगता येईल का?

तू म्हणशील, खोट्या नोंदी पकडायला काही युक्ती करू. करून झाली आहे. क्षयरोगाच्या उपचारात ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ नावाची पद्धत भारतात वापरली गेली. गोळीच्या पाकिटाला एक जादा आवरण असायचं. गोळी बाहेर काढली की त्यामागे लपलेला फोन नंबर दिसायचा आणि रुग्णाने त्यावर बिनखर्चाचा फोन करायचा. साध्या फोनवर चालणारी, खरोखर हुशार कल्पना. तरीही नंतर लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिलं तेव्हा फोन आणि गोळी यांचा मेळ पुरेसा बसला नाही. गोळी घेऊन फोन न करणारेही निघाले, फोन करून गोळी न घेणारेही. गोळी घेणं आणि गोळी घेतल्याचं कळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. रुग्णाला गरज पहिल्याची असते, दुसरं आपल्याला हवं असतं.

दुसरी एक बाई आली. लिहिता-वाचता येणारी, फोन स्वतःचा, बोटं चटचट चालणारी. तिला आकडा भरायला सांगितला. त्या दिवशीचं माप १२८ आणि ८० होतं. तिने बरोबर भरलं आणि पडदा हिरवा झाला. तुझ्यासारख्याने तिथे ‘यशस्वी’ लिहून पुढचा रुग्ण बोलावला असता. आपली सेविका बघत राहिली म्हणून तिला पुढचं दिसलं. बाईने हातातली गोळ्यांची पट्टी पिशवीत ठेवली, पिशवीची गाठ मारली आणि समाधानाने म्हणाली, “चला, झालं बरं. आता नको ना या?”

त्या हिरव्या रंगावर विद्यार्थ्याने फार मेहनत घेतली होती. १४०/९० च्या खाली हिरवा, हा नियम बहुतेक रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरही पाळतात, त्यामुळे वैद्यकीय दृष्ट्या रंग चुकलेला नव्हता. पण रक्तदाब हिरव्यात आहे तो गोळीमुळे, आणि गोळी थांबली की काही दिवसांत, आठवड्यांत पुन्हा चढतो. चढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. बाईने मात्र हिरव्या रंगाचा अर्थ घेतला ‘आजार संपला’. माप जितकं चांगलं, तितका अ‍ॅपने तिला गोळी सोडण्याचा सल्ला ठामपणे दिला. तिला विचारलं असतं तर ती ‘रंग फार आवडले’ म्हणाली असती, आणि तेही मनापासून. ते आपण लिहून घेतलं असतं.

तिसरी बाई अ‍ॅपपर्यंत पोचलीच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तिनेच शिकवली. फोन वाजला, तिने तो बाजूला ठेवला आणि रोज करते तेच केलं. पिशवी उघडली, पट्टी काढली, त्यातल्या गोळ्या बोटाने मोजल्या आणि पट्टी परत ठेवून दिली. दुसऱ्या सेविकेने सांगितल्याप्रमाणे मनात मोजलं आणि मग विचारलं, “काय बघत होतात?” ती म्हणाली, “काल घेतली होती. एकाआड एक घेते म्हणजे पुरतात.”

तिला एकही दिवस विसर पडत नव्हता. उलट तिच्याइतका काटेकोर हिशेब आमच्या रजिस्टरातही नव्हता. तीस गोळ्यांत ती दोन महिने काढत होती, कारण गोळ्या आणायला कुणाला तरी काम बुडवून केंद्रावर जावं लागायचं आणि दर महिन्याला ते जमत नव्हतं. सेविका घरी जायची तेव्हा ‘विसरते’ म्हणणं सोपं होतं. विसरणं माफ होतं. पुरवून पुरवून खाते म्हटलं तर एकतर बोलणी बसणार, नाहीतर घरातल्यांची अब्रू जाणार. इतकी वर्षं आपल्याला मिळालेलं उत्तर खोटं होतं, हे सेविकेला त्या बाईच्या बोटांनी सांगितलं. तोंडाने कधीच सांगितलं नसतं.

आता मला सांग, हिच्यासाठी तू आवाज किती वाढवणार?

इथे एक फरक समजून घे. तुझ्या पत्रात तो कुठेच नाही. नमुना बघताना दोन प्रकारचे दोष दिसतात, एक बटणाचा आणि दुसरा कल्पनेचा. बोट चुकीच्या जागी जाणं, अक्षर बारीक असणं, मागे कसं यायचं ते न कळणं, पानाच्या आत पान शोधताना हरवणं, हे सगळे बटणाचे दोष. ते दिसतात पटकन आणि सुधारतातही. वापरायला सोपं काय याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनचं प्रसिद्ध गणित, की पाच जणांना वापरायला देऊन बघितलं तरी सुमारे ८५ टक्के दोष सापडतात, ते अशाच दोषांचं आहे, आणि तेही वापरणारे साधारण एकसारखे असतील तेव्हाचं. कल्पनेचा दोष त्यात मोजलेला नाही. तो ओळखायची माझी रीत अशी. रुग्ण अडला की त्याचं काम आपणच करून द्यायचं, म्हणजे बटण दाबून द्यायचं, आकडा भरून द्यायचा, आलेख समोर धरायचा आणि मग बघत राहायचं. आता तरी त्याचा हात गोळीकडे जातो का? जात असेल तर दोष बटणाचा होता. सगळं करून देऊनही हात जिथल्या तिथेच राहिला, तर बटण कितीही सुंदर करा, उपयोग नाही.

सेविकेलाही हे एका दिवसात पटलं नाही. माणूस आपली कल्पना इतक्या सहज सोडत नाही आणि सोडावी असं मी म्हणणारही नाही. तिने आधी बटणं बदलली. ‘घेतली’ आणि ‘थांबवा’ वेगळी केली, शब्दांच्या जागी चित्रं टाकली, स्वतःच्या आवाजात सूचना भरल्या. पुन्हा रुग्ण बोलावले. या वेळी कुणीच अडलं नाही. सगळे भराभर पुढे गेले, पिशव्या मात्र बंदच राहिल्या. विद्यार्थी खूश झाला. ती गप्प होती. मग तिने रजिस्टर उघडलं आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

रजिस्टरात सगळं होतं. कुणाला, कोणत्या तारखेला, किती गोळ्या दिल्या. एकच गोष्ट कुणी कधी मांडली नव्हती, ती म्हणजे त्या गोळ्या संपणार कधी. ३ जूनला ३० गोळ्या दिल्या आणि रोज एक घ्यायची असेल, तर शेवटची २ जुलैला. रोज दोन असतील, तर १७ जूनलाच पट्टी रिकामी. आपण मात्र दोघांनाही ‘महिन्याने या’ सांगत होतो. आणि पुढच्या भेटीला पट्टी हातात घेऊन मोजली तर अख्खा महिना उलगडतो. ३ जुलैला सकाळी तीसपैकी पंधरा शिल्लक असतील, तर ही बाई एकाआड एक घेते आहे, तिला काहीही विचारण्याची गरज नाही. उरलेल्या गोळ्या मोजणं ही जुनी, साधी पद्धत आहे. तिला मर्यादा आहे. ज्याला लपवायचंच आहे तो गोळ्या फेकून देईल, आणि घरातला दुसरा कुणी त्याच पट्टीतून खात असेल तर हिशेब चुकेल. तरी आवाज बंद करायला दाबलेल्या बटणापेक्षा ती खूप जास्त खरं सांगते.

तिथून अ‍ॅप बदललं. रुग्णाच्या फोनमधून ते निघून गेलं आणि सेविकेच्या फोनमध्ये आलं. एकच पडदा उरला. या आठवड्यात कुणाच्या गोळ्या संपतात त्यांची यादी, आधी संपणारा वर. नावापुढे फोन नंबर आणि तो फोन कुणाचा आहे ते. हे ‘कुणाचा’ आजोबांच्या नातवामुळे आलं. मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवर आजाराचं नाव घ्यायचं नाही, फक्त ‘ताईंना भेटायला या’ एवढाच निरोप. गोळ्या संपायच्या पाच दिवस आधी नाव यादीत वर यायचं, कारण केंद्रावर जायला कुणाला सवड होईल ते घरात ठरायला वेळ लागतो. फोन झाला की चारपैकी एक खूण करायची. येणार, परगावी आहे, गोळ्या शिल्लक आहेत, बंद केल्या. रंग नाही, आलेख नाही, रुग्णाला भरायचं काहीही नाही.

रुग्ण पडद्याला हातही लावणार नव्हते, मग आता कशाची चाचणी, असं विद्यार्थी म्हणाला. ती म्हणाली, आता माझा फोनच नमुना. आणि तिने तो तपासला. दुसरी सेविका रुग्णाच्या घरी जाऊन बसली आणि हिने खरोखरच फोन लावला. “तुमच्या गोळ्या बुधवारी संपतील” असं म्हटल्यावर काय होतं ते बघायचं होतं. या वेळी हात उठला, पिशवी उघडली, पट्टी बाहेर आली. एकजण म्हणाला, “नाही, अजून बऱ्याच आहेत.” आणि का आहेत ते सांगायला लागला. गोळ्या सुरू झाल्यापासून घोट्याशी पाय सुजत होते, म्हणून मधूनमधून सोडायचा. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींचे पाय असे सुजतात, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. त्याच्या तोंडून आम्ही ते पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकलं तेही हातात पट्टी आल्यावर. तिने स्वतः औषधात काही बदल केला नाही, तो तिचा अधिकार नव्हे. पण ‘बंद केल्या’ या खुणेखाली कारण लिहायची जागा आली आणि डॉक्टरांकडे जाणाऱ्या चिठ्ठीत ते कारण जाऊ लागलं. आणखी एकीने विचारलं, “मागच्या वेळची पिवळी की आताची पांढरी?” तेच औषध दुसऱ्या कंपनीचं आलं की रंग-आकार बदलतो आणि रुग्ण समजतात की चुकीचं दिलं, मग नवी पट्टी बाजूला पडते. त्या दिवसापासून गोळीचं रूप बदललं की फोनवर ते आधीच सांगायचं ठरलं.

या अ‍ॅपलाही हद्द आहे. केंद्रात गोळ्याच नसतील, तर ही यादी म्हणजे कुणाकुणाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं त्याची यादी. एकाआड एक गोळी घेणाऱ्या बाईचा प्रश्न शेवटी फोनने सुटलाच नाही. डॉक्टरांनी तिला एका वेळी दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायला परवानगी दिली तेव्हा सुटला. त्यासाठी अ‍ॅपची गरज नव्हती असं कुणी म्हणेल. खरंच नव्हती. गरज होती ती तिच्या बोटांकडे कुणीतरी बघण्याची, आणि नमुन्याच्या निमित्ताने ते घडलं.

हे तुला इतकं लांबण लावून सांगते आहे त्याला कारण आहे. पुढे मी एका मोठ्या योजनेत सल्लागार होते. रुग्णांच्या फोनमध्ये टाकायचं अ‍ॅप तयार झालं होतं. मी म्हटलं, सगळीकडे पाठवण्याआधी दहा-बारा रुग्णांसमोर दोन दिवस गप्प बसू या. उत्तर मिळालं की प्रश्नावली भरून घेतली आहे आणि रुग्ण समाधानी आहेत. मी प्रत्येक बैठकीत तेच तेच बोलत राहिले. मला अडथळा म्हणाले, जुन्या वळणाची म्हणाले, शेवटी बैठकीची बोलावणी येईनाशी झाली. अ‍ॅप गेलं आणि त्याचं जे व्हायचं तेच झालं. आजही मला कुणी त्या खोलीत बसवलं तर मी तेच बोलेन आणि तितक्याच वेळा बोलेन. ज्या कामात नोंद चुकली की कुणाच्या तरी पोटात चुकीची गोळी जाते, तिथे दोन दिवस मागणं म्हणजे अडवणूक नव्हे. खंत आहे ती वेगळी. आपल्या सेविकेची यादी तिच्या गावापुरती राहिली. ती कुणीतरी उचलावी यासाठी माझ्या हातात अधिकार नव्हते आणि ज्यांच्या हातात होते त्यांना रुग्णांनी दाबायची बटणं हवी होती, कारण बटणांचे आकडे अहवालात घालता येतात. आपल्याकडे २०१८ च्या सुमारास आलेलं ‘सिंपल’ नावाचं अ‍ॅप याच वळणाचं आहे. आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातातलं, भेटीची नोंद झटपट होणारं आणि भेट चुकलेल्या रुग्णांची फोन करण्यासाठी यादी देणारं. ते पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं आणि जरा जळजळही झाली.

तुझ्यावर चिडून लिहिते आहे असं वाटलं असेल. चिडले आहेच, कारण तुझं काम मला आवडतं. तू गावात जातोस, रुग्णांच्या नावानिशी लिहितोस, तुला त्यांची काळजी आहे. काळजी असलेला माणूसच हा दोष करतो, कारण त्याला रुग्णाचा त्रास बघवत नाही आणि तो मदतीला धावतो. तुझ्या चाचणीच्या चित्रफितीत मी बघितलं, रुग्णाचं बोट थांबलं की दुसऱ्या क्षणाला तुझं बोट पडद्यावर आलेलं असतं. ते बोट आवर. हात मांडीखाली दाबून बस, पण मध्ये पडू नकोस.

तर आता असं कर. अ‍ॅप बाजूला ठेव, त्यात नवीन एक ओळही लिहू नकोस. वापरणं ज्यांनी बंद केलं त्यांच्यातल्याच चार-पाच जणांकडे जा. ‘का बंद केलं’ हे विचारू नकोस, कारण ते ‘वेळ मिळत नाही’ म्हणतील आणि तू त्यावर नवीन सोय बांधायला घेशील. ते रोज गोळी घेतात त्या वेळेला जा. बोलायला दुसऱ्या कुणाला तरी घे, ज्याने हे अ‍ॅप बनवलेलं नाही. गोळ्या कुठे ठेवल्यात, पिशवी कोण उघडतं, किती गोळ्या शिल्लक आहेत, शेवटच्या कधी मिळाल्या, फोन त्या वेळी घरात असतो तरी का, एवढं बघून लिही. परवानगी आधी घे. ‘आम्हाला आमच्या कामातले दोष शोधायचे आहेत’ हे खरं कारण सांग आणि कुणी नको म्हटलं तर उठून ये. गोळ्या मोजताना त्यांच्यावर संशय घेतोयस असं वाटू देऊ नकोस. पट्टी त्यांनाच हातात घेऊन मोजू दे.

कदाचित तुझ्या गावात लोक खरोखरच विसरत असतील. तसं असेल तर तुझं अ‍ॅप राहू दे, फक्त बटणं सुधार, आणि मी ते आनंदाने मान्य करीन. पण ते मला शिल्लक गोळ्यांच्या आकड्यांवरून सांग, कोण काय म्हणालं त्यावरून नको. प्रत्येकाला किती गोळ्या दिल्या, कोणत्या तारखेला दिल्या आणि आज किती उरल्या, एवढे तीन रकाने भरून पाठव. चित्रफीत काढलीस तर पडद्याची नको. कॅमेरा हातांवर धर, चेहरे त्यात येऊ देऊ नकोस.

तुझी,
एक जुनी पर्यवेक्षिका